फुली कोणाला दिसते? प्रयोगशाळा पद्धतीच्या मंजुरीचा माझा अनुभव

अभिक्रियेचा वेग हा घटक मी यंदा प्रयोगशाळा पद्धतीने शिकवला. साहित्याच्या मंजुरीसाठी जे करावं लागलं त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून लिहिते आहे. अर्ज, कोटेशन, मुख्याध्यापकांची सही, हे सगळं सरळ झालं. घोडं अडलं ते संस्थेच्या कार्यालयात, तुलनेच्या एका तक्त्यावर.

आधी प्रयोग सांगते. सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की गंधक बारीक कणांच्या रूपात सुटतं आणि द्रावण हळूहळू गढूळ होतं. कागदावर काळी फुली काढायची, तिच्यावर शंकुपात्र ठेवायचं, आम्ल घातल्याक्षणी घड्याळ सुरू करायचं आणि वरून बघत फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजायचा. मग थायोसल्फेट कमी आणि पाणी जास्त असं करत पाच वेळा तेच. संहती कमी होते तसा वेळ वाढत जातो.

तक्त्यात दोन स्तंभ होते, दिग्दर्शन पद्धती आणि प्रयोगशाळा पद्धती. आणि तीन ओळी, खर्च, सुरक्षितता, शैक्षणिक लाभ. कार्यालयाने पहिल्या दोन ओळींवरच निर्णय केला होता. खर्च बारापट, धोका बारापट, म्हणून शिक्षकाने टेबलावर एकदा करून दाखवावं. फाईल परत. मी खुलासा जोडला, पुन्हा परत, शेरा तोच. तिसऱ्या ओळीत मी लिहिलेलं कोणी वाचलं होतं असं मला वाटत नाही.

बारापट हा आकडा आला कुठून, ते मी बसून काढलं. पाठ्यपुस्तकी मापाने प्रत्येक पात्रात एकूण 50 मिली द्रावण आणि 5 मिली आम्ल लागतं. थायोसल्फेट 50, 40, 30, 20, 10 मिली घेतलं तर एका संचाला 150 मिली. द्रावण लिटरला 40 ग्रॅम या प्रमाणात करतात, म्हणजे 6 ग्रॅम थायोसल्फेट. तिघांचा एक असे 36 मुलांचे 12 गट धरले की 72 ग्रॅम. गणित बरोबर आहे, पण ते सगळ्या वर्गाला दिसावं म्हणून घेतलेल्या मोठ्या पात्राचं आहे. स्वतः वाकून बघणाऱ्या तिघांना तेवढं पात्र कशाला हवं? सपाट बुडाची लहान काचेची कुपी घेतली, तर 10 मिली द्रावण आणि 1 मिली आम्ल पुरतं. मग एका गटाला 30 मिली, बारा गटांना 360 मिली, म्हणजे साडेचौदा ग्रॅमच्या आत. दिग्दर्शनाच्या अडीचपटही नाही. (परीक्षानळी घेऊ नका, गोल बुडातून फुली नीट दिसत नाही.) काचसामान जास्त लागतं हे खरं, पण कुप्या आणि सिरिंज वर्षानुवर्षं टिकतात.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मी झटकला नाही, कारण तो खरा आहे. या अभिक्रियेत सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि दमा असलेल्या मुलाला तो थोडाही त्रास देऊ शकतो. पण कार्यालय जो धोका पद्धतीला चिकटवत होतं, तो खरं तर एकेका पायरीला असतो. संहत आम्लापासून 2 मोलर आम्ल करणं ही धोक्याची पायरी. ती मी आणि प्रयोगशाळा परिचर आधीच उरकतो, आम्ल पाण्यात ओतून, कधीही उलट नाही. द्रावण गरम करून वेग बघणं ही दुसरी. उष्णतेने वायू जास्त सुटतो, म्हणून ती मी एकटी करून दाखवते, धूर ओढणाऱ्या कपाटात. उरलेलं, म्हणजे खोलीच्या तापमानाला संहती बदलणं, मुलांनी गॉगल लावून, खिडक्या उघड्या ठेवून करावं. कुपी लहान असली की वायूही कमी.

हे सगळं लिहून दिलं तरी शेरा बदलला नाही. शेवटी मी वेळ मागून घेतली आणि साहित्य घेऊनच गेले. साहेबांच्या टेबलावर फुलीचा कागद, त्यावर शंकुपात्र. खिडकी उघडून आम्ल घातलं आणि समोर बसलेल्यांना म्हटलं, "फुली गेली की सांगा."

"मॅडम, इथून फुली दिसतच नाही," साहेब म्हणाले.

"वर्गातल्या पस्तीस मुलांनाही दिसत नाही, साहेब. दिसते ती वाकून बघणाऱ्या एकालाच."

त्यांनी लगेच विचारलं, वरून कॅमेरा लावून पडद्यावर दाखवलं तर? प्रश्न रास्त होता. पडद्यावर फुली सगळ्यांना दिसेल, हे मी मान्य केलं. पण "आता गेली" हे कोण ठरवणार? ते ठरवण्यातच या प्रयोगाचं शिक्षण आहे. मी साहेबांना आणि त्यांच्या सहायकांना एकाच पात्रावर वाकायला लावलं, दोघांच्या हातात घड्याळं दिली. दोघांचे वेळ जुळले नाहीत. मग चूक कोणाची, यावर ते दोघं बोलू लागले आणि मी गप्प बसले. मंजुरी त्यानंतर आली. त्या दिवशीचं समाधान मी लपवणार नाही.

वर्गातही नेमकं तेच झालं. तासाला सुरुवात झाल्यावर थोड्याच वेळात गटांनी स्वतःच नियम केला की पाचही वेळा बघणारा डोळा एकच हवा. एका गटाने पाणी घालायचं टाळलं, नुसतं 2 मिली थायोसल्फेट आणि आम्ल. थर इतका उथळ झाला की फुली पुसट का होईना, दिसतच राहिली. एकूण आकारमान सारखं का ठेवायचं, हे त्या मुलांना आता मला सांगावं लागत नाही. वेळाचा व्यस्त आणि संहती यांचा आलेख काढला तेव्हा बहुतेकांचे बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आले, आणि न आलेला बिंदू कुठून आला हे त्यांना माहीत होतं.

एक राहिलं. तिसऱ्या ओळीत "मुलांना आनंद मिळतो" असं लिहू नका, ते कोणी मोजत नाही. आणि नुसत्या माहितीच्या प्रश्नांत प्रयोगशाळा पद्धत पुढे असते असाही दावा करू नका. माझ्या वर्गांत "संहती वाढली की वेग वाढतो" हे दोन्ही पद्धतींनी शिकलेली मुलं सारखंच लिहितात. फरक पडतो तो "हा आकडा विश्वासाचा आहे का" असं विचारल्यावर. जे दिग्दर्शनच राहणार आहे, त्यात आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसतं दिग्दर्शन पाहणाऱ्यांची समज न पाहणाऱ्यांपेक्षा फारशी पुढे गेली नव्हती; आधी अंदाज करणाऱ्यांची गेली होती. गरम द्रावणाच्या दिग्दर्शनाआधी मी आता वेळेचा अंदाज वहीत लिहून घेते.

अर्जात विल्हेवाटीचीही एक ओळ घाला, ती मागतातच. धुण्याच्या सोड्याचं द्रावण एका टबात ठेवायचं, त्यात थोडं फिनॉल्फ्थॅलीन. फुली गेली की कुपी लगेच त्यात रिकामी करायची. आम्ल संपतं, अभिक्रिया थांबते आणि वायू खोलीत पसरत नाही. टबातला गुलाबी रंग गेला की सोडा संपला, आणखी घालायचा.