हॅमिंग आणि सीआरसी: सहाव्या बिटाने दिलेला चकवा

सबनेटिंग संपलं म्हणून गेले दोन रविवार नेटवर्क्सच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतला चुका पकडण्याचा भाग घेतला होता. परीक्षा बारा दिवसांवर आहे. नोकरी हिशेबाची असल्यामुळे हे सोपं जाईल असं वाटलं होतं. हॅमिंगचं पहिलं गणित बरोबर आलं आणि तिथेच घात झाला.

सात बिटांचा डेटा `1011001`, सम पॅरिटी. अकरा जागा मांडायच्या, १, २, ४, ८ या पॅरिटीसाठी राखायच्या आणि उरलेल्या ३, ५, ६, ७, ९, १०, ११ मध्ये डेटा डावीकडून भरायचा. १ चा गट म्हणजे ज्या जागांच्या बायनरी आकड्यात शेवटी १ येतो त्या: १, ३, ५, ७, ९, ११. त्यात डेटाचे तीन एकम आहेत, म्हणून पहिल्या जागी 1. याच रीतीने २ च्या गटाला 0, ४ च्या गटाला 0 आणि ८ च्या गटाला 1 आलं.

```
जागा    1 2 3 4 5 6 7 8 9 10 11
पाठवले  1 0 1 0 0 1 1 1 0 0  1
आले     1 0 1 0 0 0 1 1 0 0  1
```

प्रश्नात मिळालेलं शेवटच्या ओळीतलं. मी चारही गट तपासले: १ चा गट सम, २ चा विषम, ४ चा विषम, ८ चा सम. निकाल `0110`, म्हणजे ६. सहावा बिट उलटा केला, उत्तर जुळलं, मी खूश.

पुढच्या गणितात चूक पाचव्या जागी होती आणि माझं उत्तर आलं दहा. अर्धा तास बेरजाच तपासत बसलो. बेरजा ठीक होत्या. मी निकाल ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने लिहीत होतो: आधी १ चा, मग २ चा, ४ चा, ८ चा. वाचायचा मात्र ८ कडून असतो. पाच म्हणजे `0101`, उलटा वाचला की `1010`, दहा. सहाचा `0110` दोन्हीकडून सारखाच, म्हणून पहिल्या गणितात चूक झाकली गेली. तिसऱ्या जागेची चूक असती तर उलटं वाचून बारा आले असते आणि अकरा बिटांत बारावी जागाच नाही म्हटल्यावर लगेच कळलं असतं. आता बिट दुरुस्त केल्यावर चारही गट पुन्हा तपासतो. सगळे सम आले नाहीत तर काहीतरी उलटं झालंय.

दुसरा धोका जागा कुठून मोजायच्या याचा. काही पुस्तकं डावीकडून मोजतात, काही उजवीकडून. वरचाच मिळालेला शब्द उजवीकडून मोजला तर निकाल २ येतो आणि आपण भलताच, डावीकडून दहावा, बिट उलटा करून मोकळे होतो. प्रश्नात क्रमांक दिले नसतील तर उत्तराच्या पहिल्याच ओळीत आपण कुठून मोजतोय ते लिहा.

घरी पडताळायला एक झटपट रीत सापडली. जिथे जिथे 1 आहे त्या जागांचे क्रमांक एकमेकांशी एक्सॉर करायचे. चारही गट एकदम तपासल्यासारखंच आहे हे.

```
r = 0
for i, b in enumerate("10100011001", 1):
    if b == "1": r ^= i
print(r)
```

इथे ६ छापला जातो. पेपरात मात्र गट मांडून दाखवा, गुण पायऱ्यांना असतात.

याच रीतीतून दोन चुकांचं काय होतं तेही कळलं. ३ आणि ५ या दोन्ही जागा बिघडल्या तर निकाल ३ एक्सॉर ५, म्हणजे पुन्हा ६. आपण निर्दोष सहावा बिट उलटा करणार, दोनाच्या तीन चुका होणार आणि वरून चारही गट सम दिसणार. हॅमिंग इथे गप्प राहत नाही, छातीठोकपणे खोटं सांगतो. म्हणून संपूर्ण शब्दाची आणखी एक पॅरिटी जोडतात: निकाल शून्य नाही पण एकूण पॅरिटी ठीक आहे, तर चुका दोन समजायच्या आणि काहीही दुरुस्त करायचं नाही. (१९५० साली बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी या रीतीवरचा लेख प्रसिद्ध केला. शनिवार-रविवारी यंत्र चूक ओळखायचं आणि त्यांचं काम सोडून द्यायचं, या वैतागातून हे सुचलं.)

दुसरा रविवार सीआरसीचा. हा शाळेतलाच भागाकार, फक्त वजाबाकीत हातचा नाही. भाजक `1011`, म्हणजे x^3+x+1. डेटा `1010`, त्यापुढे तीन शून्यं, कारण भाजकाचा घात तीन.

```
1010000
1011
-------
0001000
   1011
-------
0000011
```

बाकी `011`, पाठवायचा शब्द `1010011`. माझी गडबड मधल्या शून्यांवर होत होती. पहिल्या वजाबाकीनंतर 1 थेट तीन घरं पुढे सरकतो. भाग जात नाही तिथे भागाकारात शून्य मांडायचं हे चौथीत शिकलेलं, तरी दोनदा विसरलो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे बाकी `11` लिहून पुढचं शून्य गाळणं. बाकी कायम तीन बिटांचीच.

आता खरी मजा. मिळालेला शब्द भागल्यावर येणारी बाकी डेटावर अवलंबून नसते, फक्त चुकीवर असते, कारण पाठवलेल्या शब्दाला पूर्ण भाग जातोच. `1010011` मधला डावीकडून दुसरा बिट बिघडवून `1110011` भागला, बाकी `111`. नुसता `0100000` भागला तरी `111`च. मग सातही जागांच्या बाक्या काढल्या. उजवीकडून:

```
001 010 100 011 110 111 101
```

सातही वेगळ्या, शून्य एकही नाही. म्हणजे बाकी पाहून बिघडलेली जागा सांगता येते. सात बिटांपुरता हा सीआरसी म्हणजे क्रम बदललेला हॅमिंगच. दोन वेगळे धडे म्हणून घोकत होतो ते एकच निघालं.

शब्द सात बिटांपेक्षा लांब झाला की हे मोडतं. आठव्या जागेची बाकी पुन्हा `001` येते, पहिल्या जागेइतकीच. त्यामुळे बरोबर सात घरांच्या अंतरावरचे दोन बिट बिघडले तर बाक्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि चूक निसटते. `10000001` ला `1011` ने भागून पाहा, बाकी शून्य. ‘ही चूक पकडली जाईल का?’ या प्रश्नाला म्हणूनच आख्खा शब्द भागत बसू नये. पाठवलेल्या आणि मिळालेल्या शब्दांचा एक्सॉर काढायचा आणि तेवढाच भागायचा. इथरनेट तर सीआरसीने जागा शोधायच्या फंदातच पडत नाही, बाकी चुकली की फ्रेम टाकून देतं.

येत्या रविवारच्या पेपरात भाजक `10011` आणि डेटा दहा बिटांचा आहे. या भाजकाच्या बाक्या पंधरा घरांनी फिरून येतात आणि शब्द होतो चौदा बिटांचा, म्हणजे कुठलेही दोन बिट बिघडले तरी चूक सापडेल. चौदाही बाक्या हाताने काढून बघणार आहे.