मांड्या घासण्यावर स्टिक, पावडर आणि क्रीम तिन्ही वापरून बघितलं, माझा अनुभव

माझी चाल बदललीये हे मला कळलंच नव्हतं, ताईला कळलं. ती म्हणाली, असा काय चालतोयस बदकासारखा? तेव्हा लक्षात आलं की मी गेले चार दिवस पाय फाकवून चालतोय, कारण दोन्ही मांड्या आतून घासून लालभडक झाल्या होत्या आणि पावलागणिक चरचरत होत्या. विषय असा आहे की कुणी बोलत नाही, पण दमट हवेत रोज चालणाऱ्या किती जणांना हे होत असेल देव जाणे. आणि हो, जाड माणसांनाच होतं असं काही नाही, मी काही जाड नाहीये, मांड्या एकमेकींना लागतात एवढं पुरतं.

माझा रोजचा प्रवास सांगतो म्हणजे पुढचं समजेल. सकाळी घरून स्टेशन वीसेक मिनिटं चालत, मग ट्रेनमध्ये उभं, मग उतरून परत पंधरा मिनिटं चालत ऑफिस. ऑफिसात एसी. संध्याकाळी हेच उलटं. गंमत म्हणजे (गंमत कसली) सकाळी फारसं काही जाणवायचं नाही, आग व्हायची ती संध्याकाळी परत येताना, पहिल्या पाचच मिनिटांत. मला वाटायचं दिवसभराचा थकवा असेल. थकव्याचा काही संबंध नव्हता, ते पुढे येईलच.

सुरुवात सगळे करतात तशी मीही पावडरने केली. आंघोळ झाल्यावर भरपूर थापली, एकदम गुळगुळीत, मस्त वाटलं. स्टेशनपर्यंत ठीक. ऑफिसला पोचल्यावर वॉशरूममध्ये बघितलं तर पावडर जागेवर नव्हतीच, मांडीच्या घडीत तिच्या ओल्या बारीक गुठळ्या झाल्या होत्या, कागदावर खोडरबर घासल्यावर वळकट्या पडतात ना तशा, आणि त्या गुठळ्याच आता कातडीवर घासत होत्या. पावडर घाम शोषते, पण शोषायची तिची मर्यादा असते. कोरड्या हवेत घाम उडून जातो म्हणून ती टिकते, दमट हवेत घाम उडतच नाही, त्यामुळे ती थोड्या वेळात भिजून जाते आणि मग तिचा उपयोग संपतो. वर माझी चूक अशी की मी आंघोळ झाल्या झाल्या अर्धवट ओल्या अंगावर लावायचो, म्हणजे घराबाहेर पडायच्या आधीच निम्मी भिजलेली.

इथे एक गोष्ट मला उशिरा समजली आणि मग सगळंच समजलं. कोरडी कातडी कोरड्या कातडीवर बऱ्यापैकी सरकते. घामाने नुसती ओलसर झालेली कातडी मात्र चिकटते, वरचा थर मऊ पडतो आणि ओढला जातो. दमट हवेत आपण दिवसभर नेमके याच ओलसर अवस्थेत असतो, धड कोरडे नाही आणि धड भिजलेलेही नाही. म्हणजे उपाय दोनच, एक तर ओल शोषायची (पावडर) नाहीतर मधे असा थर घालायचा की ओल असली तरी कातडी सरकेल (स्टिक आणि क्रीम).

ताई पळायला जाते, तिने सांगितलं अँटी-चेफ स्टिक घे. दिसायला डिओडरंटच्या कांडीसारखी, आत मेण आणि तेलकट घटक असतात, घासली की पातळ थर बसतो. मला आधी वाटलं आता अंगभर चिकचिक होणार, पण तसं होत नाही, मेणाचा थर हाताला जवळपास कोरडाच लागतो. मी हुशारी करून ठरवलं की डाव्या मांडीला स्टिक, उजव्या मांडीला पावडर, म्हणजे एकाच दिवसात निकाल! दुपारी बघितलं तर दोन्हीकडे पांढरा लगदा. अरे बाबा, मांड्या एकमेकींवरच घासतायत ना, एकीचं दुसरीला लागणारच! शिवाय स्टिकवर पावडर बसली की तिची पेस्टच होते. तेव्हा कुणी ही टेस्ट करणार असाल तर करू नका, एका वेळी एकच वस्तू, आणि निदान चार-पाच दिवस तरी.

मग मी तसंच केलं. स्टिकचा आठवडा सर्वात चांगला गेला, पण तीही पहिले दोन दिवस चुकीची वापरली. मी फक्त लाल झालेल्या जागेवर फिरवायचो. चालताना मांडी पुढे-मागे जाते, त्यामुळे घासणारा भाग आपल्याला वाटतो त्याहून बराच मोठा असतो. तो कुठवर आहे ते बघायला सोपी युक्ती म्हणजे स्टिक लावून घरात पाच मिनिटं फेऱ्या मारायच्या आणि मग बोट फिरवून बघायचं की थर कुठे पातळ झालाय. माझ्या बाबतीत तो मागच्या बाजूला निघाला, जिथे मी लावतच नव्हतो. आता खालून वर तीन-चार वेळा फिरवतो, मागपर्यंत नेतो, आणि एक मिनिट थांबून मगच पँट घालतो, नाहीतर निम्मा थर कापडालाच लागतो.

आणि कपड्याचं हे खरंच बघा. मी सैल बॉक्सर घालायचो, ती चालताना वर सरकते, तिच्या कडेची गुंडाळी होते आणि ती शिवण कातडीत काचते. वर कातडीला कातडी लागते ते वेगळंच. मांडीच्या मध्यापर्यंत येणारी अंगाबरोबरची लांब बॉक्सर घेतली तेव्हा निम्मा त्रास कुठलंही प्रॉडक्ट न लावता कमी झाला, हे मी आधी करायला हवं होतं.

आता संध्याकाळचं कोडं. सकाळी लावलेली स्टिक परतीच्या वेळेपर्यंत टिकत नाही हे उघड आहे, म्हणून मी निघायच्या आधी वॉशरूममध्ये जाऊन परत लावायला लागलो. तरी आग! दोन दिवस कळेना. मग एकदा लावायच्या आधी बोट फिरवून बघितलं तर कातडी खरखरीत लागली, बारीक रवाळ. मीठ! सकाळचा घाम एसीत सुकला होता आणि त्यातलं मीठ कातडीवर तसंच राहिलं होतं, त्याच्यावर मी मेणाचा थर देत होतो, म्हणजे वाळूवर रंग देण्यातलाच प्रकार. आता आधी साध्या पाण्याने भिजवलेल्या रुमालाने पुसतो, दुसऱ्या कोरड्याने टिपतो (चोळत नाही), दोनेक मिनिटं तसंच ठेवतो, मग स्टिक. एवढ्याने संध्याकाळचं चालणं विनातक्रार व्हायला लागलं. मला विचाराल तर स्टिक चांगली की पावडर यापेक्षा परत लावायच्या आधी पुसलं की नाही याने जास्त फरक पडतो.

क्रीमबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. दोन प्रकार वापरले. एक सिलिकॉनवालं जेलसारखं, ज्याच्या घटकांत डायमेथिकोन लिहिलेलं असतं. लावलं की एका मिनिटात सुकून मखमली लागतं, कपड्याला डाग नाही. छान आहे, पण बोटाने लावायचं म्हणजे हात धुणं आलं, ट्रेन पकडायच्या घाईत ते जमत नाही. सुट्टीच्या दिवशी दोन-अडीच तास चालायला जातो तेव्हा मात्र घरून नीट लावून निघतो. दुसरं बाळांच्या रॅशला लावतात ते झिंक ऑक्साइडवालं, पांढरं आणि घट्ट. ते घासणं थांबवण्यापेक्षा लाल झालेल्या कातडीला झाकायला चांगलं, म्हणून मी ते रात्री लावायचो. दिवसा लावून बघितलं तर गडद पँटला आतून पांढरे पट्टे. साधी पेट्रोलियम जेलीही चालते, टिकतेही बऱ्यापैकी, फक्त कापडात मुरते आणि तेलकट डाग सहज निघत नाही.

ज्या दिवशी कातडी सोलवटलेली असेल त्या दिवशी स्टिकही नाही आणि पावडरही नाही. मी एकदा सोललेल्या जागी पावडर टाकली, ती ओल्या जखमेला चिकटून बसली आणि धुताना जे काही झालं ते लिहीत नाही. स्टिक जखमेवर फिरवली तर जंतू कांडीला लागतात आणि उद्या परत तिथेच येतात. कोमट पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा आणि जमलं तर एक-दोन दिवस चालणं कमी करायचं. माझं तीन दिवसांत शांत झालं.

आणि एक, दरवेळी ते घासणंच असेल असं नाही. ऑफिसातल्या एकाला वाटत होतं चेफिंग, जवळपास महिनाभर. पण त्याला आग कमी आणि खाज जास्त होती, ती पण बसलेलं असताना, आणि चट्ट्याची कड गोलसर, उठावाची, मधला भाग जरा फिकट. तो निघाला नायटा, म्हणजे बुरशी. त्याने मधे घरातली कुठलीतरी स्टिरॉइड असलेली ट्यूब लावली होती, खाज दोन दिवसांत गेली म्हणून खूश होता, आणि नंतर चट्टा दुप्पट पसरला, कारण स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी मजेत वाढत राहते. घासल्याचं असेल तर चालणं थांबवून दोन-चार दिवसांत उतरायला लागतं. उतरत नसेल, पसरत असेल, पू किंवा वास येत असेल, तर सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे. डायबेटिस असेल तर एवढीही वाट बघू नका.

पावडर मी टाकून दिली नाहीये. रात्री झोपताना, अंग पूर्ण कोरडं असताना थोडी हातावर घेऊन लावतो, झोपेत चालायचं नसल्यामुळे तेवढी पुरते. फक्त टाल्क नसलेली घेतो आणि डब्यातून थेट अंगावर उडवत नाही, ती धूळ नाकात जाते.

बॅगेत आता छोटी स्टिक आणि दोन रुमाल असतात. परवा ताईची स्टिक संपली म्हणून माझी मागत होती. नाही दिली. ती म्हणाली, मीच तुला सांगितलं होतं ना? म्हटलं हो, पण टूथब्रश मागशील का माझा?