स्लॅब, पुढचा टप्पा: निम्मं-निम्मं जुळलं नाही, उडी मात्र जुळली

समांतर तारांचा सपाट थर म्हणजे शीट, असे थर एकावर एक रचले की स्लॅब; करंट सोडल्यावर दोन्हींचं चुंबकीय क्षेत्र अँपिअरच्या नियमाशी जुळतं का, ते मी घरी मोजून पाहतो आहे. त्यातलं शीटचं कोडं सुटलं एकदाचं. मागच्या नोंदीत चौकटीचं लाकूडकाम दाखवलं होतं, त्यावर तार चढली, करंट सोडला आणि रीडिंगने डोकं फिरवलं. शीटच्या एका बाजूला १८८ मायक्रोटेस्ला, दुसऱ्या बाजूला उलट दिशेने फक्त ५९. पुस्तकातली अनंत शीट दोन्हीकडे सारखंच क्षेत्र देते, इथे तिपटीहून जास्त फरक. स्लॅबचं काम त्यामुळे थांबलं होतं, आता पुन्हा सुरू झालं आहे.

आधी मांडणी. चौकट ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद, ३० सेंमी उंच. सागाच्या पट्ट्यांना हॅक्सॉच्या पात्याने दर ५ मिलिमीटरला खाचा पाडल्या आणि २० गेजची इनॅमल तार चौकटीभोवती ८० वेढे गुंडाळली. वरची बाजू म्हणजे आपली शीट, खालची बाजू परतीची. कुठेही लोखंडी खिळा नाही, सगळे सांधे बांबूच्या खुंट्या आणि फेव्हिकॉलवर. तार तालुक्याच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून किलोच्या भावाने आणली, एका थराला साधारण ८५० ग्रॅम लागते. "भाऊ, मोटर कोठी हाय?" हे त्याने दोनदा विचारलं. ऑनलाइन रिळांपेक्षा ही तार मला कधीही पसंत. इनॅमल पक्कं असतं आणि गेज त्याच्या मायक्रोमीटरवर समोर मोजून मिळतो.

पाच मिलिमीटरची फट ठेवून शीट कशी म्हणायची, असं काहींनी विचारलं होतं. सुट्या तारांमुळे क्षेत्रात पडणारी लहर अंतरासोबत e^(-2πz/p) या वेगाने विरते, इथे z म्हणजे तारांपासूनची उंची आणि p म्हणजे दोन तारांमधलं अंतर. तारांपासून ५ मिलिमीटर वर गेलं की ती हजारात दोन-चार भाग उरते, १० मिलिमीटरला काहीच नाही. म्हणून तार खेटून गुंडाळायची गरज नाही, सेन्सर मात्र ५ मिलिमीटरच्या आत न्यायचा नाही. करंट १ अँपिअर, मीटरभर रुंदीत २०० तारा, म्हणजे दर मीटर रुंदीतला करंट K = 200 A/m.

करंट स्थिर ठेवायला १२ व्होल्टची बॅटरी आणि LM317 रेग्युलेटर सव्वा ओहमच्या रोधासोबत लावला आहे. भारनियमनाचा प्रश्न मिटतो. शिवाय आपल्याकडच्या एप्रिलात तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्याने वाढतो, त्याचाही परिणाम होत नाही. हीटसिंक चांगली मोठी लावा, सातेक वॅट तिथेच जळतात. सेन्सर म्हणून तीन अक्षांचं मॅग्नेटोमीटर मॉड्यूल आहे. मागवलं HMC5883L चिपचं, I2C पत्ता मिळाला 0x0D, म्हणजे आत QMC5883L ही दुसरीच चिप. हा प्रकार आता सगळीकडेच दिसतो. चालतं ते, फक्त लायब्ररी त्याचीच घ्या. आणि प्रत्येक रीडिंग करंट उलटा करून दोनदा घ्या: दोन्हींच्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे शीटचं क्षेत्र. पृथ्वीचं ३८-४० मायक्रोटेस्लाचं आडवं क्षेत्र आणि छपराच्या टिनाचं कायमचं चुंबकत्व दोन्ही त्यात गळून पडतात.

आता मूळ दुखणं. शीटला छेदणारा एक चपटा आयताकृती लूप घ्या: l लांबीची एक बाजू शीटच्या वर, एक खाली, दोन्ही तारांना काटकोनात. अँपिअरचा नियम सांगतो की लूपभोवतीची चुंबकीय क्षेत्र B ची बेरीज म्हणजे लूपमधून जाणारा करंट गुणिले μ₀ हा स्थिरांक, इथे μ₀Kl. अनंत शीटला वर-खाली सममिती आहे, म्हणून दोन्ही लांब बाजू सारखा वाटा देतात: 2Bl = μ₀Kl, आणि B = μ₀K/2. आपल्या आकड्यांत दोन्हीकडे १२५.७ यायला हवेत. आले १८८ आणि ५९.

पण या दोन आकड्यांची दिशा उलट आहे, म्हणून शीट ओलांडताना क्षेत्र १८८ + ५९ = २४७ ने बदलतं. आणि μ₀K होतं २५१.३. हे दिसलं आणि मी कागद घेऊन बसलो. "निम्मं" हे नियमातून येतच नाही, ते सममितीतून येतं. माझ्या चौकटीत सममिती नाही: खाली परतीची शीट आहे, दोन्ही टोकांना उभ्या तारा आहेत, आणि त्या सगळ्यांचं क्षेत्र वरच्या शीटपाशी एकाच दिशेला आहे. ते आतल्या बाजूला भर घालतं, बाहेरच्या बाजूला वजा होतं. पण ते शीट ओलांडताना तुटत नाही, सलग राहतं. म्हणून उडीत त्याचा काही भाग नाही. उडी फक्त तिथल्या K ची, परतीच्या तारा कुठेही असोत.

भर नेमकी किती, हे अँपिअरचा नियम सांगणार नाही. त्यासाठी तारेच्या तुकड्या-तुकड्याचं क्षेत्र जोडणारा बायो-सावारचा नियम, आणि त्यात एक फार सुंदर गोष्ट हाती लागली. सपाट, एकसारख्या शीटच्या कुठल्याही तुकड्याचं हे समांतर क्षेत्र तो तुकडा त्या बिंदूपाशी जेवढा घनकोन Ω व्यापतो त्याच प्रमाणात असतं: B = μ₀KΩ/4π. अनंत शीट कितीही दूरून पाहा, अर्धं आकाश व्यापते, Ω = 2π, म्हणून B अंतरावर अवलंबून नाही. इतकी वर्षं हे "नियमातून तसं निघतं" म्हणून मानत होतो. कारण आत्ता दिसलं. माझ्या चौकटीत ३० सेंमी खालची शीट अर्ध्या आकाशाचा २५.७ टक्के भाग व्यापते, म्हणजे ३२ मायक्रोटेस्ला. टोकांच्या दोन उभ्या बाजू मिळून आणखी तेवढंच. एकूण ६४ ची भर. शीटला अगदी लागून आत १९० आणि बाहेर ६१ यायला हवेत. सेन्सर १० मिलिमीटर दूर होता, त्या मानाने १८८ आणि ५९ बरोबर जागच्या जागी आहेत.

तरी २४७ आणि २५१ मधली चारची तूट मला झोपू देईना. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या रेंजवर टक्का-दीड टक्का चूक सहज असते, त्याच्या माथी मारता आलं असतं. पण तपासायचा साधा मार्ग आहे. मीटर चुकीचा असेल तर तूट सेन्सरच्या अंतरावर अवलंबून राहणार नाही. सेन्सर वर-खाली २० मिलिमीटरवर नेला आणि तूट जवळजवळ दुप्पट झाली. म्हणजे भानगड लूपमध्येच.

लूपला चार बाजू असतात. आखूड उभ्या बाजू अनंत शीटमध्ये शून्य वाटा देतात, म्हणून पुस्तक त्यांना सोडून देतं. माझी शीट ४० सेंमीला संपते, त्यामुळे मध्यापासून बाजूला सरकलं की उभा घटक डोकं वर काढतो, डावीकडे एका दिशेने आणि उजवीकडे उलट. फेरीत दोन्ही एकाच चिन्हाने मिळतात. मग लूप पूर्ण मोजला: १० सेंमी लांब, २० मिलिमीटर उंच, मध्यावर. लांब बाजूंवर १० मिलिमीटरच्या टप्प्यांनी सेन्सर सरकवला, आखूड बाजूंवर उभा अक्ष वाचला. लांब बाजूंची बेरीज २४.७ मायक्रोटेस्ला-मीटर. आखूड बाजूंवर उभा घटक १० च्या आसपास, २ सेंमीच्या दोन बाजू, म्हणजे ०.४. एकूण २५.१. नियमाचा आकडा μ₀ × 200 × 0.1 = 25.1. ज्या वहीच्या पानावर ही बेरीज आहे ते पान मी भिंतीला लावलं आहे.

आता स्लॅब. आधी जाड तांब्याची पट्टी घ्यायचा बेत होता, पण तिच्या पोटात सेन्सर घालणार कसा? तो बेत सोडला. त्याऐवजी चार थर, एकमेकांपासून २० मिलिमीटरवर, सगळे एका सिरीजमध्ये, म्हणजे चारही थरांत करंट तोच. सिरीजचा रोध १५ ओहमवर जातो, म्हणून करंट ०.५ अँपिअरवर आणला (LM317 ला अडीच ओहम). प्रत्येक थराचा K झाला १००, आणि ८० मिलिमीटर जाडीच्या (d) स्लॅबचा दर चौरस मीटरचा करंट J = 100/0.02 = 5000 A/m².

सलग स्लॅबसाठी लूप मध्यापासून y उंचीपर्यंत वर-खाली सारखा घेतला की आत सापडतो J × 2y एवढा करंट, दर मीटर लांबीला. म्हणून आत B = μ₀Jy, मध्यात शून्य, काठापर्यंत सरळ रेषेत वाढ. बाहेर गेलं की लूपमध्ये नवीन करंट येत नाही, B तिथेच थांबतं: μ₀Jd/2, आपल्याकडे २५१. थरांच्या स्लॅबमध्ये ही रेषा पायऱ्यांची होते, पण दोन थरांच्या बरोबर मधली जागा नेमकी रेषेवरच पडते. तिथेच सेन्सर सरकवायचा. अपेक्षा, चौकटीच्या आतून बाहेर जाताना: २५१, १२६, ०, −१२६, −२५१.

आलेली रीडिंग: ३५६, २३९, १२०, ३, −११६.

शून्य मधल्या फटीत नाही, एक फट वर सरकलं आहे. हे त्या परतीच्या तारांचं काम, चार थरांची भर मिळून १२० च्या घरात जाते आणि तिला उताराने भागलं की सरक २० मिलिमीटरच येते. पायऱ्या पाहा: ११७, ११९, ११७, ११९. उतार सरळ आहे! १२५.७ पेक्षा साताठने कमी, कारण आता प्रत्येक फटीत चारही थरांचा उभा घटक आहे, आखूड बाजूंची तूट चौपट. एका थराला ०.५ अँपिअरवर दोनच्या आसपास होती, हिशोब बसतो. आखूड बाजू मोजून पायरीगणिक खात्री करायची बाकी आहे.

पुढे चौकट मोठी करायचा विचार होता, तो हे लिहिता लिहिता बदलला. ६० ची चौकट १२० केली तर तार दीडपटीहून जास्त आणि उतारात सुधारणा थोडीच. त्यापेक्षा आहे तेच चार थर वेगळे जोडेन: वरचे दोन सुलटे, खालचे दोन उलटे. तेव्हा एकूण करंट शून्य, बाहेर दोन्हीकडे क्षेत्र शून्याजवळ आणि मधल्या फटीत सर्वात जास्त, २५१ च्या जवळपास. परतीच्या तारांची भरसुद्धा बहुतेक आपसात कटेल. सोल्डरचे फक्त दोन सांधे बदलायचे आहेत. कोणी हा उलट-सुलट स्लॅब केला असेल तर बाहेरच्या बाजूला किती उरलं ते कळवा, माझा अंदाज दोन्हीकडे १० मायक्रोटेस्लाच्या आत आहे.