कंट्रोलरवाल्यांना नाही म्हणताना

"दादा, मोठ्या कंपनीची स्पॉन्सरशिप आली आणि ती आपल्या चॅनेलला बसत नसेल तर तुम्ही मेलमध्ये नक्की काय लिहिता? संबंध बिघडत नाहीत का?"

सगळ्यात अलीकडचा मेलच दाखवतो, पण आधी ऑफर काय होती ते कळलं पाहिजे, नाहीतर मेलमधली वाक्यं तशी का आहेत ते कळणार नाही.

आमचं चॅनेल कोरडवाहू सोयाबीन-तुरीचं. मी आणि धाकटा भाऊ चालवतो. बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासायची, रुंद वरंबा सरीवर पेरणी, चक्रीभुंगा, पिवळा मोझॅक, तूर चार ओळींनंतर दोन ओळी टाकायची का, असले विषय. एका एजन्सीकडून मेल आला, त्यांचा क्लायंट ठिबकचा ऑटोमॅटिक कंट्रोलर बनवतो. मोबाईलवरून व्हॉल्व्ह चालू-बंद, कुठल्या प्लॉटला किती वेळ पाणी आणि किती खत ते आधीच सेट करून ठेवायचं. पूर्ण एक व्हिडिओ हवा होता, सात-आठ मिनिटांचा, शिवाय दोन शॉर्ट्स आणि महिनाभर दुसऱ्या कुठल्या सिंचन कंपनीचं नाव घ्यायचं नाही ही अट. पैसे चांगले होते, आम्ही एरवी घेतो त्याहून बरेच जास्त.

आणि वस्तू वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा कधी रात्री, रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन शेतात जातो, साप-विंचू असतातच, तिथे घरबसल्या व्हॉल्व्ह बदलला तर तो खरा फायदा आहे. द्राक्ष, डाळिंब, केळी करणाऱ्याला मी स्वतः सांगेन की बघ एकदा.

पण आमचे लोक ते नाहीत. हे मी अंदाजाने नाही म्हणत. ऑफर आली की मी पहिल्यांदा जुन्या व्हिडिओंच्या कमेंट वाचायला बसतो, यूट्यूब स्टुडिओतल्या आकड्यांआधी. स्टुडिओत वय दिसतं, स्त्री-पुरुष दिसतं, शहरांची नावं दिसतात, पण त्यात पुणे-मुंबई वर येतात आणि मोबाईल नेटवर्कमुळे त्यावर फार विसंबता येत नाही, आणि कुणाच्या विहिरीत मार्चमध्ये पाणी असतं का हे तर स्टुडिओ सांगणारच नाही. कमेंटमध्ये ते असतं. "दादा आमच्याकडे पाऊस एकवीस दिवस नाही, तूर वाळेल का", "बोअर आटला, हरभरा सोडून द्यावा का", "फवारणीला पाणी टँकरचं आणतो, खारं असलं तर चालेल का". ठिबकबद्दल प्रश्न शोधायला गेलं तर बोटावर मोजण्याइतके. तरी खात्री म्हणून कम्युनिटी पोस्टवर पोल टाकला, शेतात ठिबक आहे का, आणि बहुतेकांनी नाही दाबलं. पोलमध्ये स्पॉन्सरचं नाव किंवा वस्तूचा उल्लेख करायचा नाही, नाहीतर लोक तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो दाबतात.

मग हिशोब. कंट्रोलर 45 हजारांच्या घरात, व्हॉल्व्ह वेगळे, आणि ज्याच्याकडे ठिबक नाही त्याला आधी ठिबकच बसवावं लागणार. आमच्याकडे कोरडवाहूला एकरी सहा क्विंटल सोयाबीन म्हणजे बरं वर्ष. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल, म्हणजे हमीभावाने गेलं तरी एकराचे 32 हजार, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी सगळं जायचं. बाजारात हमीभाव मिळतोच असं नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. म्हणजे एका एकराची अख्खी विक्री घातली तरी त्या डब्याचीच किंमत निघत नाही, आणि जे पाणी तो डबा वाटणार ते पाणीच नाही.

आता मेल. नावं काढून टाकलीत, बाकी जसाच्या तसा.

"विषय: ठिबक कंट्रोलर कॅम्पेन, आमच्याकडून जमणार नाही

नमस्कार मॅडम,

ब्रीफ आणि डेमोचा व्हिडिओ दोन्ही नीट पाहिलं, पाठवल्याबद्दल आभार. हे कॅम्पेन आम्ही करू शकणार नाही.

आमचे प्रेक्षक मुख्यतः पावसाच्या पाण्यावर सोयाबीन-तूर घेणारे आहेत. बहुतेकांकडे ठिबक नाही आणि हिवाळ्यानंतर विहिरीला पाणीही राहत नाही, त्यामुळे कंट्रोलर वापरायची परिस्थितीच त्यांच्याकडे नाही. व्हिडिओ बघितला जाईल, पण त्यातून आपल्या क्लायंटकडे चौकशी येईल असं आम्हाला वाटत नाही.

हा निर्णय मानधनामुळे नाही, त्यामुळे रक्कम किंवा व्हिडिओची लांबी बदलली तरी तो तोच राहील. द्राक्ष, डाळिंब, केळी अशा बागायती पिकांवरच्या चॅनेलना ही वस्तू जास्त योग्य वाटते.

पुढे बीजप्रक्रिया, पेरणी यंत्र, फवारणी पंप किंवा धान्य साठवणूक यातलं काही आपल्याकडे आलं तर जरूर कळवा. खरिपासाठी आम्ही मार्चअखेरपर्यंत ठरवतो.

आपण पाठवलेले दर आणि माहिती आमच्यापुरतीच राहील.

आपला,"

एवढंच. फोनच्या स्क्रीनवर थोडं सरकवलं की संपतं, त्याहून लांब लिहू नका.

आता यातलं काय कशासाठी. "जमणार नाही" हे विषयाच्या ओळीतच आहे, कारण समोरच्या बाईंना त्या दिवशी असे ढीगभर मेल आलेले असतात, त्यांना क्लायंटला यादी द्यायची असते, हो किती नाही किती. आपण "सध्या जरा शेड्युल टाइट आहे" असं लिहिलं की त्यांच्या शीटमध्ये आपण "फॉलोअप" मध्ये जातो आणि दर आठवड्याला फोन सुरू. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही, "बघू" म्हणतो आपण, लग्नाच्या आमंत्रणाला ते चालतं, इथे त्या बाईंचं कामच वाढतं.

दुसरा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा आणि तो मी एजन्सीसाठी लिहीतच नाही, एजन्सीच्या क्लायंटसाठी लिहितो. मेल वाचणारी व्यक्ती निर्णय घेणारी नसते, तिला वर कुणालातरी सांगायचं असतं की हे चॅनेल का नाही म्हणालं. ते दोन-तीन वाक्यं तशीच कॉपी करून पुढे पाठवता आली पाहिजेत. म्हणून त्यात "आमच्या मूल्यांना बसत नाही" वगैरे नाही. ते वाक्य वाचून कंपनीला वाटतं आपल्या मालात खोट काढली, आणि शिवाय त्यातून काहीच कळत नाही. ठिबक नाही, पाणी नाही, चौकशी येणार नाही, यावर वाद घालता येत नाही.

वस्तूबद्दल वाईट शब्द नाही, आणि खोटं कौतुकही नाही. "अप्रतिम प्रॉडक्ट आहे" असं मी लिहिलं आणि उद्या तेच वाक्य त्यांनी त्यांच्या पेजवर आमच्या नावाने टाकलं तर? वापरलेलंच नाही मी ते. इथे कायद्याचाही मुद्दा आहे, थोडक्यात सांगतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात जाहिरात करणाऱ्याचं मत खरं असावं आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर असावं असं म्हटलंय, आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे दिशाभूल ठरली तर पहिल्या वेळेला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तो फक्त कंपनीला नाही, तोंड दाखवणाऱ्यालाही. माझ्या स्वतःच्या शेतात ठिबक नाही. मी कुठला अनुभव सांगणार होतो?

पैशाचं वाक्य. हे घातलं नाही तर हमखास उत्तर येतं, "बजेट वाढवू शकतो, तुमची अपेक्षा सांगा". आणि आकडा वाढला की घरातलेच लोक विचारायला लागतात, मग आपलाच पाय घसरतो. म्हणून दार आधीच लावायचं. तरीही या वेळी त्यांचं उत्तर आलंच, की पूर्ण व्हिडिओ नको, सोयाबीनच्याच व्हिडिओत साठ सेकंद घ्या. त्याला मी दोन ओळी लिहिल्या: "मॅडम, साठ सेकंदातही बघणारे तेच आहेत, त्यामुळे आमचं उत्तर तेच. बागायती चॅनेलसाठी शुभेच्छा." नवीन कारण द्यायचं नाही. नवीन कारण दिलं की त्याच्यावर नवीन तोडगा येतो.

दुसरं चॅनेल सुचवताना नाव घालत नाही मी, फक्त प्रकार सांगतो. एका डाळिंबवाल्या मित्राला आधी फोन करून विचारलं, तो हो म्हणाला, मग दुसऱ्या मेलनंतर त्याचा संपर्क दिला. न विचारता कुणाचा नंबर एजन्सीला देऊ नका, ते लोक नंबर जपून ठेवतात.

आणि एक, उत्तर द्यायच्या आधी ऑफर खरी आहे का ते बघा. पासवर्ड लावलेली झिप फाईल "कॉन्ट्रॅक्ट" म्हणून आली, कंपनीचं नाव मोठं पण मेल फुकटच्या अकाउंटवरून, तर त्याला सभ्य नकारही नको, उघडूही नका, डिलीट. चॅनेल हॅक करायची ती जुनी पद्धत आहे.

संबंधांचं म्हणाल तर, काही एजन्सी परत उत्तरच देत नाहीत, ते चालतं. जे देतात त्यांच्या मेलवरून कळतं की आपला मेल वाचला गेलाय. या मॅडमनी "साठवणूक" हा शब्द उचलला आणि विचारलं की हवाबंद पिशव्यांचा एक क्लायंट येतोय, बियाण्यासाठी चालेल का. अजून ठरलेलं नाही. आधी दोन पिशव्या पाठवा म्हटलंय, घरचं सोयाबीन बियाणं त्यात पेरणीपर्यंत ठेवतो, शेजारी साध्या गोणीत तेवढंच ठेवतो, आणि जूनआधी दोन्हीतले शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात लावून उगवण मोजतो. दोन्हीकडे सारखंच उगवलं तर त्यांनाही वरचाच मेल जाईल, फक्त दुसरा परिच्छेद बदलून.