आमची वाटचाल : सोलणीच्या शेडमधला पहिला तास

वेंगुर्ल्याजवळ आमचं काजूचं युनिट. सुरुवातीला घराच्या पडवीत वाडीतल्याच बायका गर सोलायच्या, सगळ्या एकमेकींच्या काकी-वयनी, कुणाला काही खुपलं तर ते आईच्या कानावर जायचं. मग बॉयलर आला, ड्रायर आला, लोडिंगला बाहेरची मुलं आली. 10 माणसं झाली की कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते, ती पण केली. पण बाई आधी समितीकडे जात नाही हो, ती बोलते सुपरवायझरशी, तेही चहाच्या वेळी उभ्या उभ्या. म्हणून यंदा सीझनच्या आधी सुपरवायझरना बसवून फक्त बाईने सांगितल्यानंतरच्या त्या पहिल्या तासावर बोललो.

उदाहरण असं घेतलं. सोलणीतली एक बाई म्हणते, "दादा, माका उद्यापासून थय बसूचा नाय, तो डबे उचलूक येता तेव्हा मुद्दाम अंगाक लागता." आता बहुतेकांचा हात लगेच त्या पोराची कॉलर धरायला जातो, नाहीतर "मी बोलतो त्याच्याशी, मिटवू" असं तोंडातून निघतं. दोन्ही नको. त्याला बोलावलं की दुपारपर्यंत अख्ख्या वाडीला नाव कळतं, आणि ते गुप्त ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

तिला गर्दीतून बाजूला घ्यायचं, तिला हवी असेल ती बाई सोबत, आणि ऐकायचं. विचारायचं एवढंच, काय झालं, कधी, कुठे, कोण, आणि आत्ता तुला भीती वाटतेय का. "आधी का नाही सांगितलंस", "कुणी बघितलं का", हे विचारायचं नाही, चौकशी समिती करेल. "कुणाला सांगणार नाही" असा शब्दही द्यायचा नाही, कारण समितीच्या अध्यक्ष ताईंना त्याच तासात फोन करायचाच आहे, तेच तिला सरळ सांगायचं.

मग वहीत टिपण, तारीख-वेळ टाकून, तिच्याच शब्दांत. ती "अंगाक लागता" म्हणाली तर तेच लिहा, "गैरवर्तन" नको, आणि तिला वाचून दाखवा. हे टिपण म्हणजे तक्रार नव्हे बरं का. तक्रार लेखी लागते, साधारण 3 महिन्यांच्या आत, पण लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं काम, हेही तिला सांगा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी काढून ठेवायचं, डीव्हीआर भरला की जुनं आपोआप पुसलं जातं.

एकाने विचारलं, "मग तिला पॅकिंगला पाठवू का?" इथे खरी गोची आहे. सोलणीला किलोवर मजुरी, पॅकिंगला रोजाने, म्हणजे तक्रार केली म्हणून तिचेच पैसे कमी. तिने स्वतः मागितलं तरच तिला हलवायचं, आणि मजुरीतला फरक आम्ही भरणार. नाहीतर डबे उचलायला त्या दिवशी दुसऱ्याला पाठवायचं, त्या पोराला कारण न सांगता गोदामाचं काम द्यायचं, पुढचं समिती बघेल.