दोन पानांच्या गोषवाऱ्यासाठी 17 दिवस

सुरुवातीलाच सांगून टाकतो, एका सरकारी कामाची निविदा भरायची होती आणि या सगळ्यात लिहायला फक्त तीन पानं होती. एक पान कव्हरिंग लेटर आणि दोन पानांचा टेक्नो-कमर्शियल गोषवारा. बसलं तर एका दुपारचं काम. पण त्यातला एक आकडा सिद्ध करायला मला एका ऑफिसात सात चकरा माराव्या लागल्या आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

काम होतं काँक्रीटचा रस्ता आणि त्याला लागून गटार. अंदाजपत्रकी रक्कम 120 लाख, निविदा भरायला 24 दिवस. निविदा दोन लिफाफ्यांची. पहिल्यात पात्रतेची कागदपत्रं, दुसऱ्यात दर. गोषवारा पहिल्या लिफाफ्यात जातो, म्हणून त्यातल्या ‘कमर्शियल’ या शब्दाने फसू नका. तिथे दर लिहायचा नसतो. बयाणा रक्कम कधी आणि कशी भरली, निविदेची वैधता किती दिवस, सुरक्षा ठेव, देयकाच्या अटी आणि दोषदायित्वाचा कालावधी मान्य आहे का, एवढंच. आमच्या पुतण्याने पहिला मसुदा टाइप केला तेव्हा पत्रात ‘आमचा दर अंदाजपत्रकापेक्षा साडेचार टक्के कमी आहे’ असं ठोकून दिलं होतं. त्याला वाटलं, वाचून साहेब खूश होतील. ते पत्र तसंच गेलं असतं तर दर पहिल्याच लिफाफ्यात उघड झाला असता आणि दुसरा लिफाफा उघडायची वेळच आली नसती.

आता मुख्य दुखणं. समान कामाच्या अनुभवाची अट अशी होती: गेल्या सात वर्षांत पूर्ण केलेलं एक काम अंदाजपत्रकी रकमेच्या 80 टक्क्यांचं, किंवा दोन कामं प्रत्येकी 50 टक्क्यांची, किंवा तीन कामं प्रत्येकी 40 टक्क्यांची. म्हणजे एक 96 लाखांचं, दोन 60 लाखांची किंवा तीन 48 लाखांची. माझ्याकडे एकट्याने 96 ओलांडणारं काम नव्हतं. पण दोन होती, एक 68 लाखांचं, दुसरं 64 लाखांचं. दोन्ही साठच्या वर, विषय संपला, असं समजून गोषवाऱ्यात तसं लिहिलं आणि जेवायला गेलो.

रात्री कामं पूर्ण केल्याचे दाखले जोडताना लक्षात आलं की हे दोन्ही आकडे वर्क ऑर्डरचे आहेत. पहिल्या कामाचं अंतिम बिल 63.2 लाखांचं झालं होतं, ते चालून गेलं. दुसऱ्यात पाण्याची पाइपलाइन आडवी आली म्हणून गटाराचा शेवटचा तुकडा वगळला होता, त्यामुळे ते 57.8 लाखांवर थांबलं. अट ‘पूर्ण केलेल्या कामाच्या’ रकमेची. वर्क ऑर्डर काय म्हणते याला तिथे किंमत नाही. मी 64 लिहून मागे 57.8 चा दाखला जोडला असता तर तपासणाऱ्याला पाच मिनिटांत दिसलं असतं. अपात्र ठरलो असतो ते वेगळं, खोटी माहिती दिल्याचा शिक्काही बसला असता.

मग पुतण्या म्हणाला, “काका, दरवर्षी काही टक्के वाढ धरता येते ना? मागच्या निविदेत होती.” होती खरी. काही निविदांमध्ये जुन्या कामाची रक्कम आजच्या भावाला आणायला ठरावीक टक्के वाढ देतात, आणि तशी वाढ मिळाली असती तर 57.8 सहज साठच्या वर गेलं असतं. पण या निविदेत ती वाढ फक्त उलाढालीच्या कलमात लिहिलेली होती, समान कामाच्या कलमात तिचा उल्लेख नव्हता. एका कलमातली सवलत दुसऱ्या कलमात ओढून आणता येत नाही. पुतण्याला हे पटायला अर्धा तास गेला, मला पटवून घ्यायला रात्र.

राहिला तिसरा पर्याय, 48 लाखांची तीन कामं. 63.2 आणि 57.8 बसत होती. तिसरं काम होतं 58.2 लाखांचं, पण त्यात रस्ता आणि गटारासोबत एक संरक्षक भिंतही होती. समान काम म्हणजे रस्ता आणि गटार, भिंत त्यात मोडत नाही. भिंतीचे 8.6 लाख वजा केले की उरतात 49.6. म्हणजे बसतं, पण जेमतेम दीड लाखाच्या फरकाने, आणि ते दाखल्यावर स्पष्ट दिसायला हवं.

माझ्याकडचा दाखला दोन ओळींचा होता. ‘सदर कंत्राटदाराने काम समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहे.’ रक्कम नाही, तारीख नाही, भिंत नाही, रस्ता नाही. घेतला तेव्हा मीही वाचला नव्हता. सही आहे, गोल शिक्का आहे, बस्स.

तिसऱ्या दिवशी अर्ज घेऊन त्या ऑफिसात गेलो. कोणतं ऑफिस ते सोडा. क्लार्क म्हणाला, “दाखला दिलाय ना तुम्हाला?” मी म्हटलं, “साहेब, त्यात रक्कम नाही.” तो म्हणाला, “आम्ही असाच देतो.” अर्जावर आवक क्रमांक मात्र घेतला, तेवढी अक्कल शाबूत होती. चार दिवसांनी गेलो तर फाइल शाखा अभियंत्याकडे. शाखा अभियंता साइटवर. पुन्हा गेलो तर तो भेटला, पण काम झालं तेव्हा तिथे दुसरेच साहेब होते आणि ते बदलून गेले होते. हा म्हणाला, “मी केलेलं काम नाही, मी आकडा कसा लिहू?” त्याचंही चूक नव्हतं, पण त्या क्षणी हे सुचत नाही. व्हरांड्यात बसून मी पंख्याची पाती मोजत होतो आणि डोक्यात निविदेचे उरलेले दिवस.

चौथी आणि पाचवी चक्कर निव्वळ ‘उद्या या’ची. पाचव्या चकरेला मी जरा आवाज चढवला, त्याचा उपयोग शून्य. उलट त्या दिवशी कुणीच माझ्याकडे बघेना.

सुटलं ते असं. घरी अंतिम बिलाची प्रत होती आणि मोजमाप पुस्तकाचे क्रमांक त्यावर होते. मी रात्री बसून दाखल्याचा मसुदा स्वतःच तयार केला. कामाचं नाव वर्क ऑर्डरमधलं जसंच्या तसं, वर्क ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख, काम सुरू केल्याची तारीख, पूर्ण केल्याची तारीख, अंतिम बिलाची रक्कम. खाली तीन ओळी: रस्ता 38.4 लाख, गटार 11.2 लाख, संरक्षक भिंत 8.6 लाख. आणि प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलने लिहिलं, मोजमाप पुस्तक अमुक, पान तमुक. दुसऱ्या दिवशी शाखा अभियंत्यासमोर ठेवला आणि म्हटलं, “साहेब, तुम्ही फक्त पानं उघडून ताडून बघा.” त्याने कपाटातून पुस्तक काढलं, बोट ठेवत ठेवत पंधरा मिनिटांत ताडलं, एका ठिकाणी माझी बेरीज काही रुपयांनी चुकली होती ती दुरुस्त केली आणि टिप्पणी लिहून फाइल वर पाठवली. तो अडवत नव्हता. न पाहिलेल्या कामाच्या आकड्यावर सही करायची त्याला भीती होती, आणि ती भीती पानांच्या क्रमांकांनी गेली. सातव्या चकरेला, अर्ज दिल्यापासून सतराव्या दिवशी, कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा दाखला हातात आला. जिना उतरताना मी तो तीनदा वाचला.

उरले चार दिवस. गोषवारा पुन्हा मांडला, चार रकान्यांत: निविदेतली अट, कलम क्रमांक, आमची पूर्तता, पान क्रमांक. अनुभवाच्या ओळीत आधीच लिहिलं की आम्ही तिसऱ्या पर्यायाखाली पात्रता मागतोय, आणि तिन्ही कामांच्या पूर्ण झालेल्या रकमा दिल्या. तिसऱ्यासमोर ‘एकूण 58.2, पैकी भिंत 8.6 वगळून 49.6’ असं उघड लिहिलं. वजाबाकी तपासणाऱ्यावर सोडली की तो आपल्या सोयीने करतो.

पान क्रमांकांचा रकाना सगळ्यात शेवटी भरा. मी आधी भरला होता, मग नवा दाखला घुसला आणि पुढची सगळी पानं एकाने सरकली.

कव्हरिंग लेटरबद्दल सांगायचं राहिलंच. त्यात निविदा क्रमांक आणि कामाचं नाव जाहिरातीतून उचलायचं, आपल्या शब्दांत लिहायचं नाही. शुद्धिपत्रकं मिळाली आणि मान्य आहेत, हे त्यांच्या क्रमांकांसह लिहायचं. आमच्या निविदेत शुद्धिपत्रकाने वैधता 90 वरून 120 दिवस केली होती आणि माझ्या जुन्या पत्राच्या नमुन्यात 90 तसंच पडलं होतं. शेवटच्या वाचनात सापडलं. जुन्या पत्रावर नवं नाव चिकटवून पत्र बनवणाऱ्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनीच, दिवस आणि तारखा बोट ठेवून वाचाव्यात.

अजून एक ओळ मी स्वतः खोडली, जड मनाने. ‘स्टीलच्या दरात वाढ झाल्यास फरक मिळावा ही विनंती.’ विनंतीच तर आहे, असं वाटतं. पण निविदेत भाववाढीचं कलम नसताना ही ओळ म्हणजे अट घातल्यासारखी होते, आणि सशर्त निविदा थेट बाद. शंका होती तर ती निविदापूर्व बैठकीत विचारायला हवी होती. ती बैठक मी चकरांच्या नादात हुकवली. मग स्टीलची जोखीम माझ्या दरात धरली, पत्रात ‘सर्व अटी व शर्ती बिनशर्त मान्य’ एवढंच राहिलं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री सगळं अपलोड केलं. पहिला लिफाफा उघडला, आम्ही पात्र. तिसऱ्या कामाबद्दल एकही प्रश्न आला नाही. दर लिफाफ्यात दुसरे आलो, काम दुसऱ्याला गेलं. स्टीलच्या जोखमीने गेलं की त्याने हात आखडता घेतला म्हणून, कुणास ठाऊक.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका कामाचं अंतिम बिल टेबलावर ठेवलं, सोबत दाखल्याचा मसुदा, प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलने पान क्रमांक. तिथला क्लार्क म्हणाला, “अहो, बिल तर पास होऊ द्या.” मी म्हटलं, “होऊ द्या. मी बसतो.”