तुम्ही विचारलंत म्हणून: अडतिसाव्या अंशावरची रेघ

"कोरियन युद्ध झालं म्हणूनच त्या देशाचे दोन तुकडे झाले ना?"

नाही, तुकडे आधी पडले आणि युद्ध नंतर पेटलं. जून 1950 मध्ये तोफा सुरू झाल्या तेव्हा दोन्हीकडची सरकारं जवळजवळ दोन वर्षांची झाली होती. मूळ शोधायचं तर दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत जावं लागतं.

कोरिया 1910 पासून जपानच्या ताब्यात होता. 8 ऑगस्ट 1945 ला सोव्हिएत रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्यांची फौज उत्तरेकडून कोरियात शिरू लागली. अमेरिकेचं सगळ्यात जवळचं सैन्य ओकिनावात, म्हणजे मधे समुद्र आणि जवळपास हजार किलोमीटर. 10 ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना सांगण्यात आलं की, जपानी सैन्याची शरणागती कोणी कुठे घ्यायची याची हद्द सुचवा, आणि अर्ध्या तासात सुचवा. त्यांच्यापुढे 'नॅशनल जिऑग्राफिक'चा नकाशा होता. त्यात अडतिसावा अक्षांश देशाच्या साधारण मधून जात होता आणि राजधानी सोल त्याच्या दक्षिणेला, म्हणजे अमेरिकेकडे राहत होती. रशियाने काही खळखळ न करता ही रेघ मान्य केली. एकाही कोरियन माणसाला कुणी विचारलं नाही.

जमिनीवर काय आहे ते अक्षांशाला दिसत नाही. पश्चिम टोकाला ओंगजिन नावाचं छोटं द्वीपकल्प आहे. रेघ नेमकी त्याच्या मानेवरून गेली. खालचा भाग दक्षिणेकडे आला खरा, पण तिथून सोलला जमिनीवरून जायचं तर उत्तरेतूनच जावं लागे, नाहीतर होडी. पुढे 1949 मध्ये दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या चकमकी तिथे वारंवार झाल्या, यात नवल नाही. विजेचंही तसंच. जपान्यांनी बांधलेली मोठी जलविद्युत केंद्रं उत्तरेत, बहुतेक भातशेती दक्षिणेत.

तरीही सगळं खापर त्या दोन कर्नलांवर फोडणं मला पटत नाही. ऑस्ट्रियाचे तर चार भाग केले होते, आणि तो देश 1955 मध्ये अखंड बाहेर पडला. फरक कुठे पडला? व्हिएन्नात एक ऑस्ट्रियन सरकार होतं आणि चारही विजेत्यांनी त्याला मान्यता दिली होती. सोलमध्येही 6 सप्टेंबर 1945 ला स्वातंत्र्यचळवळीतले नेते यो उन-ह्योंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोरियन लोक-प्रजासत्ताक' जाहीर केलं होतं, गावोगाव लोकसमित्या उभ्या राहत होत्या. दोनच दिवसांनी अमेरिकेचे जनरल हॉज यांची फौज इंचॉनला उतरली. हॉजना त्या मंडळींत साम्यवादाचा वास आला. त्यांनी मान्यता नाकारली आणि जपान्यांच्या हाताखालचे पोलीस कामावर ठेवले. उत्तरेत रशियनांनी समित्या तशाच ठेवल्या, पण त्यांच्या डोक्यावर आपली माणसं बसवली. त्यांतलाच एक तेहतीस वर्षांचा किम इल-सुंग. माझ्या मते फाळणी झाली ती इथे.

मार्च 1946 मध्ये उत्तरेत जमीनदारांच्या जमिनी काढून कुळांना वाटल्या गेल्या. जमीनदार दक्षिणेत पळाले आणि तिथल्या साम्यवादविरोधी राजकारणाचा कणा झाले. आता एकत्र यायचं म्हणजे कुणाची तरी जमीन पुन्हा जाणार, हे उघड होतं. अमेरिका-रशियाच्या संयुक्त आयोगाच्या बैठका 1946 आणि 1947 मध्ये झाल्या आणि फिसकटल्या. मग प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे गेला. त्यांनी निवडणुकांसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष आपले के. पी. एस. मेनन होते. आयोगाला रशियाने उत्तरेत पाऊलच ठेवू दिलं नाही, तेव्हा 10 मे 1948 ला फक्त दक्षिणेत मतदान झालं. चारच दिवसांनी उत्तरेने दक्षिणेची वीज तोडली. 15 ऑगस्टला दक्षिणेत सिंगमन री यांचं प्रजासत्ताक उभं राहिलं, 9 सप्टेंबरला उत्तरेत किमचं. दोघांचाही दावा एकच: अख्खा कोरिया आमचा.

युद्धाने या फाळणीत फक्त रेघ बदलली. 1953 च्या युद्धविरामात ती सरळ न राहता तिरकी झाली; ओंगजिन आणि केसाँग शहर उत्तरेकडे गेले, पूर्वेचा डोंगराळ पट्टा दक्षिणेकडे आला. री यांनी युद्धविरामावर सहीच केली नाही. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून जास्त युद्धकैद्यांच्या राखणीसाठी भारतीय तुकडी गेली, तिचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात होते. भारतीय सैनिकांचा पाय आपल्या भूमीला लागता कामा नये, असा री यांचा हट्ट. शेवटी थोरातांची माणसं इंचॉनच्या समुद्रात जहाजावरून हेलिकॉप्टरमध्ये बसली आणि थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरली.